टोपी, झाडू आणि शवपेटी

माझ्या दुकानात येणारा माणूस बाही वर करतो आणि मी काही विचारायच्या आत खुलासा द्यायला लागतो. "कॉलेजात होतो ताई, अक्कल नव्हती." "मित्रांनी जबरदस्ती केली हो." "तसा मी चांगल्या घरातला आहे." मी ऐकून घेते, हातावर स्पिरिटचा बोळा फिरवते आणि सांगते, "तुम्ही कसे आहात ते राहू दे. हा कोण आहे, ते आधी बघू."

घाटकोपरला, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका गल्लीत माझं टॅटूचं दुकान आहे. सुरुवात अंधेरीच्या स्टुडिओंमधून झाली. नटांच्या अंगावर खोटे टॅटू रंगवायचे, संध्याकाळी तेल लावून पुसायचे. तिथे फर्माईश ठरलेली असायची. गुंड असेल तर कवटी, सुधारलेला गुंड असेल तर कवटीशेजारी आईचं नाव. लोक कातडीवरून माणूस कसा ठरवतात, हे मी तिथे फुकटात शिकले. पुढे खरी सुई हातात आली, आणि गेली बरीच वर्षं माझं मुख्य काम जुने टॅटू दुरुस्त करणं किंवा झाकणं हेच आहे. नव्या डिझाइनला तरुण मुलांकडे जा, ती माझ्यापेक्षा झकास काढतात. जुनं, फाटलेलं, पसरलेलं काही असेल तर ती मुलंच गिऱ्हाइकाला माझ्याकडे पाठवतात.

आमचं मूळ गाव परभणीकडचं. आमचं घर बौद्ध, भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी नव्हत्या, त्यामुळे सगळे देव मी धंद्यात शिकले. कोणाच्या कुठल्या हातात काय, कोणाच्या पायाशी कुठलं जनावर, हे मला पाठ करावं लागलं. त्याचा फायदा असा झाला, की बघितल्याबरोबर हात जोडायची सवय नसल्याने मी आधी नीट बघते.

बघायचं काय, ते थोडक्यात सांगते. पहिली रेघ. हाताने सुया टोचून केलेलं गोंदण जवळून पाहिलं तर ठिपक्यांची रांग दिसते. जत्रेतल्या मशीनला बहुधा एकच सुई असते आणि हात घाईत असतो. रेघ खोल जाते, वर्षं जातात तशी शाई आत पसरते, कडा फुगतात आणि काळ्याचं हिरवट-निळं होतं. स्टुडिओतली रेघ जिथे जाड हवी तिथे जाड आणि जिथे बारीक हवी तिथे बारीक असते. रेघ बघितली की काम कुठे झालं आणि साधारण किती जुनं, हे कळतं.

मग शैली. बोरिवलीचे एक व्यायामपटू होते. त्यांच्या पाठीवर मोकळ्या केसांचा चेहरा आणि मागे चंद्र. जिममधली पोरं शंकर समजून त्या पाठीला नमस्कार करून वजनं उचलायची. ते माझ्याकडे रंग ताजा करायला आले. मी पाहिलं तर चेहऱ्याला बाहेरची रेघच नाही, सगळी सावलीची छटा, आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित बारीक. कॅलेंडरवरून काढलेल्या देवाचे दोन्ही डोळे सारखे असतात. असा फरक फोटोवरून काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यातच येतो. साप नाही, तिसरा डोळा नाही, आणि चंद्र जटेत नसून मागे आकाशात. "ही कोण?" मी विचारलं. ते लाजले. कोजागिरीला गच्चीवर काढलेला बायकोचा फोटो होता. नमस्कार करणाऱ्यांना त्यांनी कधी अडवलं नव्हतं. अडवायचं तरी कसं, म्हणाले.

तिसरी गोष्ट, सोबतच्या खुणा. आणि चौथा माझा नियम: चित्रातला कोण हे ओळखायचं, चित्र वागवणारा कसा हे नाही. मला फक्त पहिलं काम येतं. दुसरं येतं असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापैकी काही जणांमुळे संतोष माझ्याकडे आला.

संतोष मुलुंडला शाळेची व्हॅन चालवायचा. तिशी ओलांडलेला, शांत, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा. मुद्दाम घाटकोपरला आला होता, ओळखीचं कोणी बघू नये म्हणून. खुर्चीत बसल्यावर त्याने उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

"ताई, हे सगळं काळं करून टाका. पूर्ण. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत पाहिजे."

कोपरापासून मनगटापर्यंत एक उंच, सुकड्या अंगाची काळी आकृती होती. डोक्यावर लांबच लांब टोकदार टोपी. तोंडातून लटकणारी जीभ. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला दांड्याला अडकवलेली पेटी, पायाखाली काहीतरी गोल.

"काय झालं?"

"एका पोराचं दप्तर वर ठेवताना बाही सरकली. त्याच्या मम्मीने फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला." त्याने मोबाइल पुढे केला. मेसेज वाचायला मला चष्मा लावावा लागला. कोणी लिहिलं होतं, ही चेटकीण आहे, टोपी आणि झाडू बघा. कोणी लिहिलं होतं, ती शवपेटी आहे आणि पायाखाली कवटी. एका गृहस्थांनी काळी जादू करणाऱ्यांची टोळी असते असं सांगून पोलिसांत जायची सूचना केली होती. सर्वांनी हात जोडल्याची चित्रं टाकून सहमती दिली होती.

"मालक म्हणाले, झाकून ये, नाहीतर येऊच नको. आणि पल्लवीला, म्हणजे बायकोला, सातवा महिना चालू आहे. ती कधी बोलत नाही काही, पण रात्री माझा हा हात तिच्या अंगावर पडला तर बाजूला करते. उद्या बाळ हेच बघणार."

"हा आहे कोण?"

"राक्षस आहे. मामा म्हणायचे."

मग थोडं थोडं करून कळलं. आई तो अगदी लहान असताना गेली. वडील रत्नागिरी साइडचे, गावाचं नाव त्याला माहीत नव्हतं. तेही लवकर गेले आणि आईच्या भावाने त्याला भांडुपला आणून वाढवलं. मामा साताऱ्याकडचे. बहिणीने कोकणात लग्न केलं हे त्यांना कधी पटलंच नव्हतं, आणि ती गेल्यावर त्यांनी त्या घराशी संबंधच तोडला. रागावले की म्हणायचे, "तुझ्या बापानं तुला राक्षसाच्या पायाखाली घातलं होतं. मी होतो म्हणून वाचलास." आता मामाही नव्हते. हातावरचं हे कधी काढलं, हे संतोषला आठवत नव्हतं. समज आली तेव्हापासून ते होतंच.

"वडील तसलेच काहीतरी करणारे असतील," तो म्हणाला. "भुताखेताचं. म्हणून मी कधी नीट बघितलंच नाही याच्याकडे."

सगळं काळं करणं हे माझ्या धंद्यातलं सर्वांत सोपं काम आहे. जाड सुयांचा जुडगा लावायचा आणि भिंत रंगवावी तसा हात भरून काढायचा. पण ते एकदा केलं की मागे फिरता येत नाही. काळ्यावर कुठलाच फिका रंग बसत नाही. म्हणून मी ठरवलेलं आहे, की आकृती कोणाची हे कळल्याशिवाय तिच्यावर सुई लावायची नाही. गिऱ्हाईक चिडलं तरी चालेल.

संतोष चिडला. "ताई, तुम्हाला काय करायचंय कोण आहे ते? माझा हात आहे ना?"

"हात तुझाच आहे. बघून झाल्यावर तू म्हणशील ते करेन. पण आधी बघणार. नाहीतर बाहेर दुसरी दुकानं आहेत."

तो उठला नाही. मला वाटतं, पहिल्यांदाच कोणीतरी 'कोण आहे' असं विचारत होतं. बाकी सगळे 'का आहे' असं विचारायचे.

हातावरचे केस काढून मी व्हॅसलीनचा पातळ थर दिला. जुनी शाई त्याखाली उठून दिसते. दिवा बाजूने लावला आणि भिंग घेतलं.

रेघ फुगलेली, हिरवट, एका सुईची. म्हणजे जत्रेतलं मशीन. पण जत्रेत फळ्यावर चित्रं मांडलेली असतात, गिऱ्हाईक बोट ठेवतं आणि त्याचा ठसा उमटवून गोंदतात. ठशावरून केलेली रेघ सलग जाते, कारण सुईला वाट ठरलेली असते. इथे रेघ दर बोटभर अंतरावर थांबलेली, पुन्हा सुरू झालेली, कुठे दोनदा गिरवलेली. शिवाय फळ्यावरच्या देवांच्या डोक्यामागे वलय असतं, एक पंजा आशीर्वादाला वर असतो, जवळ वाहन असतं. इथे यातलं काहीच नव्हतं. हे चित्र फळ्यावरचं नव्हतं. कोणीतरी गोंदणाऱ्याच्या शेजारी बसून "असं काढ, तसं काढ" म्हणत करून घेतलेलं होतं.

"हे कोणीतरी मुद्दाम सांगून काढून घेतलंय," मी म्हणाले.

"बापानेच असेल," संतोष कडवटपणे म्हणाला.

मग खुणा. चेटकिणीला दाढी नसते. इथे काळ्या चेहऱ्याखाली एक पांढरा त्रिकोण होता. पांढरी शाई नव्हे, तर कातडी तशीच सोडलेली. काळं भरताना एवढा भाग कोरा राखायचा म्हणजे चारही बाजूंनी जपून सुई चालवावी लागते, आणि जत्रेतला माणूस उगाच जपत नाही. म्हणजे दाढी महत्त्वाची होती. जीभ लाल होती, आता विटकरी झालेली. जीभ म्हटल्यावर मला कालीमाता आठवली, पण दाढीवाली कालीमाता मी तरी पाहिलेली नाही. कमरेला पट्टा वाटत होता, तो भिंगाखाली ठिपक्यांची रांग निघाला, आणि प्रत्येक ठिपक्याच्या पोटात एक बारीक आडवी चीर. घुंगरू असे काढतात. हातात सापासारखं काहीतरी वळवळत होतं, पण तो साप नव्हता. सापाला डोकं असतं. याची दोन्ही टोकं सारखीच, अंगावर तिरक्या रेघा. पीळ घातलेला दोर.

झाडूचं तोंड वर होतं. बुंधा जमिनीत, आणि बुंध्याशी आडव्यातिडव्या काड्यांचा ढीग. झाडू कोणी असा पुरून ठेवत नाही. ते झाड होतं, शेंडा राखून उभं केलेलं. शवपेटीला वर छप्पर होतं, छपरावर कळस, कडेला गोंडे, आणि दांडा दोन्हीकडून बाहेर आलेला. जेजुरीला जाऊन आलेली मंडळी माझ्याकडे पालखी काढून घेतात, त्यामुळे ती मी ओळखली. शवपेटीला गोंडे कोण लावतं?

एवढं झालं तरी गाडं अडलंच. घुंगरू, दोर, झाड, पालखी हे सगळं नाचाचं, जत्रेचं सामान. आणि मधला मात्र भुतासारखा ताठ, लांबुडका, दोन्ही डोळे उभे खेचलेले. खुणा एक सांगत होत्या आणि चेहरा वेगळंच. माझंच काही चुकतंय असं वाटून मी पुन्हा घुंगरांपाशी आले. कमरेचे घुंगरू आडवे एकमेकांना चिकटून होते. पण पायातल्या वाळ्यांपासून गुडघ्यापर्यंत गेलेल्या उभ्या ठिपक्यांमध्ये चांगलंच अंतर पडलं होतं. एकाच माणसाने, एकाच बैठकीत, आडवे ठिपके दाट आणि उभे विरळ का दिले असतील?

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ठिपके त्याने सारखेच दिले होते. हात वाढला होता.

आम्ही मोठ्या माणसांच्या कातडीवर काम करतो, त्यामुळे समोरची आकृती आहे तशीच काढलेली असणार असं धरून चालतो. पोराच्या हातावर काढलेलं चित्र मात्र पोराबरोबर वाढतं, आणि सगळीकडून सारखं वाढत नाही. कोपर ते मनगट हा हात जाडीपेक्षा लांबीला जास्त वाढतो. तान्हं पोर तरुण होईपर्यंत त्याच्यावरचा बुटका माणूस ताडमाड होतो. टोपी भाल्यासारखी होते. गोल डोळे उभे होतात. मुलुंडच्या त्या ग्रुपने जो राक्षस पाहिला होता, तो अर्धाअधिक संतोषच्या हाडांनी घडवलेला होता.

"हात असाच ठेव, हलू नको," मी म्हणाले. पारदर्शक प्लॅस्टिक हातावर गुंडाळून मी रेघन् रेघ उतरवून घेतली, पुसट होती ती तुटक काढली, आणि मनाने एकही जोडली नाही. मग ते कागदासारखं सपाट करून स्कॅन केलं आणि कॉम्प्युटरवर फक्त उंचीकडून दाबत गेले, पायातले ठिपके कमरेच्या ठिपक्यांइतके जवळ येईपर्यंत.

पडद्यावर एक गोलमटोल, ढेरपोट्या, काळ्या झग्यातला म्हातारा आला. टोकदार टोपी तिरकी, पांढरी दाढी उडालेली, जीभ वेडावून दाखवावी तशी बाहेर. एक पाय उचललेला. तो नाचत होता. मला हसूच फुटलं.

संतोष हसला नाही. तो खुर्ची सोडून पडद्याजवळ आला आणि बराच वेळ बघत राहिला. "हा... हा वेगळाच आहे ना?"

"हाच आहे. तुझा हात लहान होता तेव्हा हा असा होता."

"पण कोण?"

"मला माहीत नाही. पण विचारू."

विचारायचीही एक पद्धत आहे. माणूस दाखवायचा नाही, हात दाखवायचा नाही, गोष्ट सांगायची नाही. नुसतं चित्र पुढे धरायचं आणि गप्प बसायचं. आपण "हा राक्षस आहे का?" असं विचारलं, की समोरच्यालाही राक्षसच दिसतो. माझ्या शेजारच्या गाळ्यात तांबेकाका पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवतात. त्यांचे वडील गिरणीत होते, गाव गुहागरकडचं, आणि गावाचा विषय निघाला की काकांचं मशीन थांबतं. मी संतोषला दुकानातल्या पडद्याआड बसवलं, चित्राचा कागद काढला आणि काकांना हाक मारली.

काका डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून आले. कागद हातात घेतला आणि दुसऱ्या क्षणाला एवढ्या मोठ्याने हसले की गल्लीतल्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

"अगो, ह्यो आमचा संकासूर! हा तुला कुठं भेटला?"

"कोण संकासूर?"

"शिमग्यात येतो ना. काळा झगा, ही अशी टोपी, कमरेला घुंगरं. हातात दोर घेऊन पोरांच्या मागं धावतो. आमी काय पळायचो, बाबा! आई म्हणायची, भात खा नाहीतर संकासूर येईल." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "ह्यो बघ होळीचा शेंडा उभा केलेला. आनि ही आमच्या देवीची पालखी. हो ना, बरोबर. सगळा शिमगा काढलाय."

"पण तो राक्षस आहे ना?" हे मी विचारायला नको होतं, पण पडद्याआड जो बसला होता त्याच्यासाठी विचारलं.

"आहे की असुर. म्हणून काय झालं? आमच्याकडं मान आहे त्याला. बायका ओवाळतात. नवस बोलतात त्याला, खोटं सांगत नाही." काका आता बसलेच. "पोर जगत नसलं, सारखं आजारी असलं, तर आईबाप नवस करतात. आमच्या वाडीत तरी करतात, दुसऱ्यांचं मी सांगत नाही. मग शिमग्याला त्या पोराला आंगणात ठेवायचं, आनि संकासूर त्याच्यावरनं पाय टाकून पलीकडं जातो. पोराची भीती गेली, आजार गेला." बोलता बोलता त्यांचं बोट चित्रात खाली सरकलं आणि उचललेल्या पायाखालच्या गोलावर थांबलं. "हे काय, इथंच आहे की ते पोर."

मी कागद त्यांच्या हातातून घेतला. ग्रुपवरच्या कवटीकडे मी लक्ष दिलं होतं, पण तिचा उलगडा झाला नव्हता. कवटीला नाकाचं भोक असतं, दात असतात. इथे दोन डोळे आणि तोंडाचा एक ठिपका, एवढंच. आणि गोलाभोवती एक रेघ, डोक्यावर टोकदार होऊन मानेपासून खाली पसरत गेलेली. ती मी सावली समजले होते.

"कुंची घातलीय बघ त्याला," तांबेकाका म्हणाले. "नवी कुंची शिवतात त्या दिवशी."

कुंची, तान्ह्या बाळाची ती टोपडं-झबलं एकत्र असलेली, पाठीवर पसरणारी. आकृतीत एक नाही, दोन माणसं होती, आणि मी इतका वेळ एकाच्याच मागे होते.

पडदा हलला. संतोष बाहेर आला. काकांना काय चाललंय ते कळेना. तो त्यांच्यासमोर बसला आणि त्याने स्वतःच बाही वर केली. काकांनी हात पाहिला, मग त्याचं तोंड पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी दोन बोटं त्या आकृतीला लावून कपाळाला लावली.

"तू नवसाचा आहेस, बाळा," ते म्हणाले.

"मामा म्हणायचे," संतोष सावकाश बोलला, "बापानं तुला राक्षसाच्या पायाखाली घातलं होतं."

"घातलंच असणार. जगावास म्हणून."

संतोष रडला. मी त्याला रडू दिलं. मामांचा मला राग आला, आणि थोडी कीवही. साताऱ्याच्या माणसाने बहिणीचं आजारी पोर अंगणात ठेवलेलं पाहिलं असेल आणि वर काळा झगेवाला. त्यांनी पाहिलेलं खरंच होतं, फक्त ते कोण होतं हे त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं.

मी मात्र माझ्या नियमाला धरून राहिले. संतोष म्हणाला, "म्हणजे माझे वडील चांगले होते ना, ताई?" मी त्याला सरळ सांगितलं, की ते मला चित्रावरून सांगता येणार नाही. "हा संकासूर आहे आणि खाली कुंचीतलं पोर आहे, एवढं मी छातीठोक सांगते. ठशावरून नाही, कोणीतरी बाजूला बसून काढून घेतलंय, हेही सांगते. पुढचं तुझं तू ठरव." हे बोलायला मला जड गेलं. हो म्हणून टाकलं असतं तर सोपं झालं असतं. पण हातावरून माणूस वाईट ठरवायचा नसेल, तर त्यावरून चांगलाही ठरवता येत नाही.

"बरं," मी म्हणाले, "आता सांग. काळं करू?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग विचार करून म्हणाला, "ते बाळ तेवढं नीट दिसेल असं कराल? लोकांना कवटी वाटते."

मी सर्वांत बारीक सुई लावली. कुंचीची कड, मानेखालचा बंद आणि काठाची एक नागमोडी, एवढ्याच रेघा नव्या दिल्या. मधल्या तीन ठिपक्यांना हात लावला नाही, ते त्या जत्रेतल्या माणसाचे होते. संकासुरालाही लावला नाही. त्याला पुन्हा बुटका करणं कोणालाच शक्य नाही, तो आता संतोषच्या मापाचा झाला होता.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. संतोषने मालकाला सगळं सांगितलं, बाही वर करून दाखवलं. मालक कणकवलीकडचे निघाले, त्यांना पटलं. पालकांना पटलं नाही. काहींनी मुलं काढून घ्यायची भाषा केली, आणि मालकांनी त्याला शाळेवरून काढून अंधेरीच्या एमआयडीसीत ऑफिसची माणसं पोचवायच्या गाडीवर दिलं. काम गेलं नाही, पण व्हॅनमधली पोरं गेली. ती त्याला 'संतोषदादा' म्हणायची आणि खिडकीच्या जागेवरून भांडायची. त्याची हळहळ त्याला आजही आहे आणि मलाही. त्या ग्रुपवर जाऊन बोलावं असं मला फार वाटलं होतं. पण त्याने नको म्हटलं आणि हात त्याचा होता.

तेव्हापासून तो अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतो.

पल्लवीला मुलगी झाली. तांबेकाकांनी मशीनवर उरलेल्या पडद्याच्या मऊ कापडाची कुंची शिवून दिली, आणि शिमग्याला ते त्या तिघांना आपल्याबरोबर गावी घेऊन गेले. आपलं गाव संतोषला सापडलं नाही, बहुतेक सापडणारही नाही. पण काका म्हणाले, शिमगा काय एकाच गावाचा असतो का?

परत आल्यावर तो दुकानात आला. हातावर काही करून घ्यायचं नव्हतं. म्हणाला, मुलीला अंगणात ठेवलं, घुंगरांचा आवाज आला आणि तो काळा झगा धावत आला तेव्हा ती किंचाळून रडायला लागली. उचलून घ्यावं असं दहादा वाटलं. पल्लवीने मला घट्ट धरून ठेवलं म्हणून जागेवर उभा राहिलो. संकासुराने हात जोडले, पाय उचलला आणि तिच्यावरून अलगद पलीकडे गेला. मग मी तिला उचललं.

तो आपल्या हाताकडे बघत होता.

"ताई, मला वडिलांचा चेहरा आठवत नाही," तो म्हणाला. "पण तो पाय उचललेला असताना माझा चेहरा जसा झाला होता ना, तसाच असणार."